नाव सोडून सगळं आठवणारे भय्यासाहेब

फ्रीगंज भागातल्या मराठी घरांत एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे, ती अशी की भय्यासाहेब पोतनीसांना अख्ख्या उज्जैनची नावं तोंडपाठ आहेत. माणूस समोर आला की भय्यासाहेब त्याचं नाव, वडलांचं नाव, आजोळचं आडनाव असं सगळं धडाधड सांगतात म्हणे. राम घाटावरचे पंडे वंशावळ सांगताना अडले की त्यांना विचारायला येतात, असंही एक काकू हळदीकुंकवात शपथेवर सांगत होत्या.

यातलं काही म्हणजे काही खरं नाही.

भय्यासाहेबांना कोणाचंच नाव आठवत नाही. समोरच्या घरात तीस-एक वर्षं राहणाऱ्या गृहस्थांना ते 'समोरचे' म्हणतात. दुधवाल्याला 'राजा' म्हणतात, त्याच्या आधीच्या दुधवाल्यालाही राजाच म्हणायचे. घरातल्या दोन्ही नाती त्यांच्या तोंडी 'बाळ' आहेत. मोठी अश्विनी याला प्रेम समजते. धाकटी ऋता सोळा वर्षांची आहे आणि तिला कोणाचाही आवाज एकदा ऐकला की काढता येतो, त्यामुळे तिचे कान जरा जास्तच उघडे असतात. तिला या प्रेमाचा संशय फार लवकर आला.

पकडलं तिने कानानेच. ओळखीचा माणूस भेटला की आजोबा एकदाच 'अरे' म्हणतात, तेही खालच्या पट्टीत. नाव आठवत नसेल तर तीन 'अरे' येतात आणि प्रत्येक 'अरे' आधीच्यापेक्षा वर चढतो. "अरे. अरे! अरे व्वा, क्या बात है." तिसऱ्या 'अरे'ला दोन्ही हात पसरलेले असतात आणि डोळ्यांत असा काही आनंद असतो की समोरच्याला वाटतं, या माणसाने आज सकाळपासून आपलीच वाट पाहिली. ऋताने हे सगळं आरशासमोर बसवलं आणि एका रविवारी जेवताना करून दाखवलं. तिची आई हसून हसून ताटावरून उठली. आजोबा मात्र शांतपणे वरणभात कालवत म्हणाले, "तिसरा अरे जरा लांबला. एवढा लांबवला की माणसाला शंका येते."

म्हणजे कबुलीच झाली की.

पण एक सांगायला हवं. नाव सोडून भय्यासाहेबांना सगळं आठवतं. कोणाचा गुडघा धरला होता, कोणाच्या मुलीला नोकरी लागली नव्हती, कोण लग्नात तिसऱ्यांदा श्रीखंड घेताना बायकोकडे बघत होता. माणूस पूर्ण आठवतो, फक्त वरचं लेबल पडलेलं असतं. त्यात उज्जैन हे गावच असं की इथे ओळखींचा पाऊस पडतो. ज्याला महाकालाचं दर्शन घ्यायचं त्याला उज्जैनचा नातेवाईक आठवतो. कोणाचा साडू, साडूचा शेजारी, शेजाऱ्याचे ऑफिसमधले साहेब, सगळे एकेक रात्र राहून, पोहे खाऊन, भस्म लावून जातात आणि मग सात वर्षांनी टावर चौकात गाठून विचारतात, "ओळखलंत का?"

या प्रश्नाचा भय्यासाहेबांना मनस्वी राग आहे. "नमस्कार करावा, नाव सांगावं, मोकळं व्हावं," ते म्हणतात. "रस्त्यात उभं करून तोंडी परीक्षा कसली घेता?" त्यामुळे ते स्वतः कोणालाही भेटले की आधी आपलंच नाव सांगतात. "मी भय्यासाहेब पोतनीस, आपण नागदा स्टेशनावर चहा घेतला होता." समोरच्याला आठवत असो वा नसो, त्याची सुटका होते. आणि दहातले आठ जण उलट आपलंही नाव सांगून टाकतात, म्हणजे यांचीही सुटका होते. तोंडपाठ नावांची वदंता इथूनच उठली असणार.

उरलेल्या दोघांसाठी बाकीचा कारभार आहे, आणि तो ऋताला पाठ आहे. सर्वात आधी 'जय महाकाल' म्हणायचं. उज्जैनमध्ये हा नमस्कार सगळ्यांना चालतो, त्याला नाव लागत नाही, वय लागत नाही, आणि तेवढ्यात माणूस नीट बघून घेता येतो. मग 'साहेब' म्हणायचं. इथल्या जुन्या मराठी घरांत पणजोबांच्या दरबारी चाकरीपासून प्रत्येक घरात एक तरी नानासाहेब, आबासाहेब नाहीतर दादासाहेब असतोच, त्यामुळे नुसतं 'काय साहेब' म्हटलं की कोणालाच काही कमी वाटत नाही. मग प्रश्न असे विचारायचे की ज्यांची उत्तरं समोरच्यानेच लांबवावीत. 'कधी आलात' चालतं. 'घरी सगळे कसे' चालतं. पण 'वहिनी कशा आहेत' कधीच नाही, कारण वहिनी आहेत की नाहीत हेच मुळात ठाऊक नसतं. आणि अंदाजाने नाव घ्यायचं तर मुळीच नाही. "विसरलेलं नाव माणूस माफ करतो," आजोबा म्हणतात, "पण दुसऱ्याचं नाव चिकटवलं ना, तर जन्मभर लक्षात ठेवतो."

तर अश्विनीच्या साखरपुड्याच्या दोन दिवस आधी ऋता आणि आजोबा टावर चौकात पोहे खायला गेले होते. घरात शामियान्यावरून, हारांवरून आणि पेढे की काजूकतली यावरून इतका गोंधळ होता की ज्यांचा उपयोग नाही त्यांनी बाहेर जावं असं आईनेच सुचवलं. पोहेवाल्याने "आओ भय्यासाहेब" म्हणून बाक पुसला. पोह्यांवर शेव, बाजूला गरम जिलबी, आजोबांचा पहिला घास तोंडापाशी, आणि तेवढ्यात मागून आवाज आला.

"काय भय्यासाहेब!"

आवाज जाड, थोडा नाकातून, शेवटचा 'ब' ओठांत दाबलेला. ऋताने तो तिथल्या तिथे मनात टिपून घेतला. फिकट निळा सफारी घातलेले, साठीच्या पुढचे, भुवया दाट असलेले एक गृहस्थ उभे होते.

"अरे," आजोबा म्हणाले. "अरे! अरे व्वा."

ऋताने जिलबी खाली ठेवली. आता खेळ बघायचा होता.

"जय महाकाल, जय महाकाल. बसा साहेब. कधी आलात?"

"कालच आलो. म्हटलं आधी दर्शन उरकावं, मग गर्दी."

"उत्तम केलंत. मुक्काम?"

"ताईकडेच. दुसरीकडे कुठे जाणार."

ताई. आजोबांनी 'ताई' या शब्दावर मान अशी हलवली जणू त्या ताईंना पाळण्यापासून ओळखत होते. ऋताला ठसका लागला. मग आजोबांनी ठेवणीतलं अस्त्र काढलं. "ही माझी धाकटी नात. बाळ, नमस्कार कर." एका बाजूची ओळख करून दिली की दुसऱ्याने आपलं नाव सांगावं, हा जगाचा रिवाज आहे. शंभरातल्या नव्वदांवर तो चालतो.

"वा," गृहस्थ म्हणाले. "छान. कितवीत आहेस बेटा?"

वार फुकट. आजोबांनी फोन बाहेर काढला. "माझा जुना फोन पाण्यात गेला, नंबर सगळे उडाले. तुम्हीच टाका ना तुमच्या हाताने, मला चष्म्याशिवाय दिसत नाही."

चष्मा नाकावर होता. गृहस्थांनी तिकडे पाहिलंच नाही. "अहो, माझी बॅटरीच संपली, नंबर मलाही पाठ नाही. भेटतोच आहोत की परवा."

"परवा तर भेटायचंच," आजोबा म्हणाले, आणि ऋताला कळलं की परवा काय आहे हे त्यांना त्या क्षणाला बिलकुल सुचलेलं नव्हतं.

गृहस्थांनी पोहे खाल्ले. जळगावच्या भरताची तारीफ केली, त्यावर आजोबांनी माळव्याच्या तुपात बुडवलेल्या बाफल्यांची केली. ट्रेनमध्ये वरच्या बर्थवर चढताना पाय कसा अडकला ते गृहस्थांनी उभं राहून करून दाखवलं आणि दोघेही म्हातारे इतके हसले की पोहेवाला बघायला आला. मग एक ई-रिक्षा थांबवून ते गृहस्थ निघून गेले. जाताना रिक्षातून हात हलवत होते, आजोबाही हलवत होते.

"कोण होते?" ऋताने विचारलं.

"फार मजेदार माणूस," आजोबा म्हणाले.

"मी कोण विचारलं."

"बाळ, जिलबी गार होतेय."

ऋताने त्याच जाड, नाकातल्या आवाजात म्हटलं, "काय भय्यासाहेब, विसरलात ना मला?" आजोबांनी खरोखर मागे वळून पाहिलं.

"पण मग विचारलं का नाही सरळ?"

"रस्त्यातली भेट आहे. तिला चार गोड शब्द पुरतात, नाव लागत नाही," आजोबा म्हणाले. "नाव लागतं ते पुढे काम पडणार असेल तेव्हा. कोणाशी ओळख करून द्यायची असेल, घरी बोलवायचं असेल. तेव्हा मात्र पहिल्या दमात विचारावं. अर्धा तास गप्पा मारून मग विचारलं तर तो अर्धा तास खोटा ठरतो."

"तुम्ही तर आत्ताच अर्धा तास गप्पा मारल्यात."

आजोबांनी जिलबीचा तुकडा मोडला आणि बराच वेळ चावला.

घरी आले तर अश्विनी दारातच उभी. चेहरा उजळलेला. "आजोबा, तुम्ही तर कमाल केलीत. हर्षलचा फोन होता. त्याचे मामा तुम्हाला टावर चौकात भेटले म्हणे. फार खूश आहेत, सारखे तुमचंच बोलतायत. आईंचा जीव भांड्यात पडला."

हर्षल म्हणजे होणारा नवरा. त्याचे वडील बँकेच्या बदलीने जळगावहून इथे आले आणि इथेच राहिले. 'आई' म्हणजे त्याची आई, सुलभाताई. तर ताई कोण ते कळलं. आणि मामा म्हणजे नुसते मामा नव्हते. अश्विनीने आत येऊन, दार लोटून, आवाज खाली करून सगळं सांगितलं. मागच्या वर्षी मामांच्या पुतणीचा साखरपुडा झाला. तिथे दारात मामांना कोणी नीट ओळखलं नाही, तर ते न जेवता गाडीत जाऊन बसले. शेवटपर्यंत उतरले नाहीत. दोन्ही घरांचं बोलणं अजून धड सुरू नाही. आणि सुलभाताईंचा भावावर इतका जीव की मामा रुसले तर त्या रुसणार, त्या रुसल्या तर हर्षलला काही सुचणार नाही, आणि मग अश्विनीने नव्या घरात पहिलं पाऊल टाकायचं ते कोणाच्या तरी फुगलेल्या तोंडासमोर.

"म्हणून तुम्हीच दारात उभे राहा," अश्विनी म्हणाली. "आणि माइकवरून मामांचा सत्कार तुम्हीच करा, शाल-श्रीफळ, अगदी नाव घेऊन. तुमच्यासारखी नावं कोणाला आठवतात?"

ती गेली. आजोबा आरामखुर्चीत बसले आणि छताकडे बघू लागले.

"बघण्याच्या कार्यक्रमाला आले होते ते, तू शाळेत होतीस तेव्हा," म्हणाले. "खिडकीजवळ बसले होते. चकली मऊ पडली होती, तरी तीन खाल्ल्या. तेव्हा सफारी करडा होता."

"आणि नाव?"

"नाव सांगितलं होतं. हे माझे भाऊ, असं म्हणून सुलभाताईंनी सांगितलं होतं." त्यांनी डोळे मिटले. "मग चकली आली."

ऋताला आता असं झालं होतं की उड्या माराव्यात. एकीकडे अश्विनीताईचं खरोखर वाईट व्हायला नको होतं, दुसरीकडे ही मजा आयुष्यात परत मिळणार नव्हती. ती म्हणाली, "आजोबा, पैज."

"कशावर?"

"तुम्हाला त्यांचं नाव कळणार नाही, आणि तुम्ही दारातच पकडले जाणार. अट अशी की ताईला विचारायचं नाही, आईबाबांना नाही, तिकडच्या कोणालाच नाही. पत्रिका बघायची नाही. कुठल्याही तिसऱ्या माणसाची मदत नाही. आणि मामा जेवून, पान खाऊन, हसत हसत घरी गेले पाहिजेत."

"आणि मी हरलो तर?"

"तर माइकवर सांगायचं की तुम्हाला एकही नाव आठवत नाही. सगळ्या फ्रीगंजसमोर."

आजोबांनी तिच्याकडे नीट बघितलं. "आणि तू हरलीस तर सगळ्यांसमोर एक नक्कल करायची."

"ती तर मी रोज करते."

"स्वतःची," आजोबा म्हणाले.

ऋताला ते फारच सोपं वाटलं. तिने टाळी दिली.

साखरपुड्याच्या दिवशी हॉलच्या दारात भय्यासाहेब जाकीट घालून उभे राहिले, हातात गुलाबपाणी. शेजारी ऋता अत्तरदाणी घेऊन, खरं तर कान लावून. लोक येऊ लागले. एक 'अरे'वाले थोडे, तीन 'अरे'वाले पुष्कळ. एका बाईंनी गाठलंच, "ओळखलंत का मला?" आजोबा म्हणाले, "चेहरा ओळखला, हसणं ओळखलं, तुमच्याकडच्या आंब्याच्या लोणच्याची चवही आठवतेय. नाव तेवढं तुमच्याच तोंडून ऐकू द्या." बाई लाजून म्हणाल्या, "जयू हो, जयू देवस्थळी." आणि आजोबांनी नाव लगेच वापरलं, जसं काही उघड्यावर ठेवलं तर पळून जाईल. "जयूताई, आत या. बाळ, जयूताईंना पंख्याखाली बसव. जयूताई, सरबत घेतल्याशिवाय बसू नका." तीनदा घेतलं की टिकतं म्हणे. कमीत कमी जेवणापर्यंत.

मग फाटकापाशी गाडी थांबली. हर्षल, त्याचे आईवडील आणि मागून फिकट निळा सफारी. आज त्यावर गुलाबाचं फूल होतं. सुलभाताई आत शिरता शिरता वळून उभ्या राहिल्या, भावाकडे आणि भय्यासाहेबांकडे आळीपाळीने बघत. आत पाटाजवळ अश्विनी बसली होती, तिचीही मान इकडेच.

ऋता मनात मोजू लागली. आता पहिला 'अरे'. आता दुसरा.

एकही 'अरे' आला नाही.

आजोबांनी गुलाबपाणी ऋताच्या हातात दिलं. दोन पावलं पुढे गेले, मामांचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि एवढ्या हळू बोलले की ऋतालाही मान लांब करावी लागली.

"साहेब, परवा तुमच्याबरोबर जितकं हसलो तितकं या वर्षात हसलो नव्हतो. वरच्या बर्थचा पाय मी अजून घरात करून दाखवतोय. आणि तुमचं नाव मात्र माझ्या डोक्यातून निसटलंय. परवाच विचारायला हवं होतं, धीर झाला नाही. आता माइकवरून तुमचं नाव घ्यायचा मान माझ्याकडे आहे, तेव्हा तुम्हीच सांगा, म्हणजे ते नीट घेता येईल."

बस. एवढंच. ना वयाचं कारण, ना आजारपणाचं, ना चार चार वेळा माफी. सांगितलं आणि थांबले, हात तसाच हातात.

मामांच्या दाट भुवया वर गेल्या. तिथेच थांबल्या. सुलभाताईंनी पदर घट्ट धरला. ऋताला अचानक वाटलं की आपण पैज जिंकतोय, आणि ते मुळीच आवडलं नाही. आत अश्विनीचा चेहरा एवढासा झालेला दिसत होता.

मग मामा पुढे झुकले. जाड आवाज अगदी बारीक झाला. "तुम्हाला एक सांगू का? मलाही तुमचं नाव माहीत नाही."

"म्हणजे?"

"तो पोहेवाला भय्यासाहेब म्हणाला, म्हणून मी म्हणालो. नाहीतर मी मागे उभा राहून विचारच करत होतो, की मुलीचे आजोबा तर हेच, पण हाक काय मारू." त्यांनी आजूबाजूला पाहिलं. "फोनची बॅटरी संपलेली नव्हती. म्हटलं नंबर दिला तर तुमचा घ्यावा लागणार, आणि तो कोणत्या नावाने ठेवू?"

आजोबांच्या खांद्यांना हादरे बसू लागले. ऋताला हे हसू माहीत होतं. आवाज येत नाही, फक्त जाकीट हलतं.

"आणि ते गाडीत जाऊन बसला होतात," आजोबांनी कसंबसं विचारलं, "पुतणीच्या वेळी?"

"अहो, रुसतोय कोण? मला दारात उभं केलं होतं. या पाहुण्यांना त्यांच्याशी भेटव, त्यांना यांच्याशी भेटव. एकाचं नाव आठवेना. एकाला चुकून दुसऱ्याच्याच नावाने हाक मारली, तो वाकडं बघायला लागला. एकजण म्हणाला, ओळखा पाहू मी कोण. मग मी जो पळालो तो गाडीत जाऊन दडलो. लोक म्हणाले मामा रुसले. म्हटलं म्हणू देत, त्यात निदान मान तरी आहे."

आता जाकीट आणि सफारी दोन्ही हलत होती. सुलभाताईंना काही कळलं नाही, पण भाऊ हसतोय एवढं दिसलं आणि त्यांनी पदर सोडला. आत अश्विनीने श्वास सोडलेला ऋताला इतक्या लांबून दिसला.

"माधव शेवडे," मामा म्हणाले आणि ताठ उभे राहिले.

"दत्तात्रय पोतनीस. पण दत्तात्रय म्हणून हाक मारलीत तर मी वळणार नाही, सवय नाही. माधवराव, आत या. बाळ, हे माधवराव. माधवरावांना पहिल्या रांगेत बसव."

तीनदा झालं. ऋताने मोजलं.

पुढे सगळं नीट पार पडलं. पाटावर बसणं, ओटी, कुंकू, अंगठ्या, हर्षलचं अंगठी चुकीच्या बोटात घालणं आणि त्यावर त्याच्या मित्रांचा गोंगाट. मग आजोबा माइकपाशी आले. हॉल शांत झाला, कारण भय्यासाहेब बोलणार म्हणजे नावं अशी मोत्यांसारखी घरंगळणार, ही सगळ्यांची खात्री. कागद त्यांनी कधीच घेतला नव्हता, आजही नव्हता.

"आता मुलाच्या मामांचा सत्कार," आजोबा म्हणाले. "आमचे स्नेही, अत्यंत रसिक, दिलदार गृहस्थ, श्रीयुत..."

आणि थांबले.

ऋताने ती शांतता ओळखली. ही दम घ्यायची शांतता नव्हती. लेबल पुन्हा पडलं होतं. आजोबांचे डोळे छताकडे गेले, तिथून झुंबराकडे, झुंबरावरून हारांकडे. ऋताच्या ओठांवर नाव येऊन उभं होतं आणि अट तिचीच होती, तिसऱ्या माणसाची मदत नाही. तिने खरं म्हणजे ती अट तिथेच मोडली असती. तोंड उघडलंही होतं.

पण पहिल्या रांगेत फिकट निळा सफारी आधीच उठला होता. मामा झपझप चालत मंचावर आले, आजोबांच्या खांद्यावर हात टाकला, माइक आपल्याकडे ओढला आणि त्या जाड, नाकातल्या आवाजात म्हणाले, "नमस्कार. मी माधव शेवडे, मुलाचा मामा. माझं नाव मीच सांगणार होतो, तसं आमचं दारातच ठरलं होतं. आणि हे दत्तात्रयराव पोतनीस, ज्यांना तुम्ही सगळे भय्यासाहेब म्हणता. शाल मी यांना घालणार आणि हे मला."

हॉलमध्ये टाळ्या पडल्या. दोघांनी एकमेकांना एकाच वेळी शाल घालायचा प्रयत्न केला, कोणाचा हात कोणाच्या शालीत अडकला, नारळ गडगडत हर्षलच्या पायाशी गेला. जयूताई शेजारणीला सांगत होत्या, "किती मानाची पद्धत काढली बघा. भय्यासाहेबांचं सगळंच निराळं."

मामा जेवले. बाफले तीन घेतले आणि जळगावला असं काही मिळत नाही हे दोनदा मान्य केलं. पान खाल्लं. निघायच्या आधी आजोबांनी ऋताला बोटाने बोलावलं.

"तुम्ही चीटिंग केली," ऋता म्हणाली. "विचारायचं नाही ठरलं होतं."

"तिसऱ्याला विचारायचं नाही ठरलं होतं," आजोबा म्हणाले. "ज्याचं नाव त्याला विचारायला बंदी कुठे होती?"

"असं थेट कोणी विचारतं का?"

"माझं वय झालं तरी मलाही फार कमी वेळा जमतं. परवा नाहीच जमलं." आणि मग त्यांनी टाळी वाजवून सगळ्यांना गोळा केलं. "आमची ही नात आता एक नक्कल करणार आहे."

दोन्हीकडचे पाहुणे खुर्च्या ओढून बसले. मामा सर्वात पुढे. ऋता उभी राहिली. पोहेवाला, जयूताई, माधवराव, सगळे तिच्या घशात तयार होते, कोणालाही काढलं असतं. पण ऋता कशी बोलते? आवाज कुठून सुरू करते? हात कुठे ठेवते? तिने तोंड उघडलं तर माधवरावांसारखा आवाज आला. पुन्हा उघडलं तर आजोबांचा तिसरा 'अरे' आला. सगळे हसत होते आणि तिला जगातला एकमेव न येणारा आवाज सापडत नव्हता.

"बोलून जमत नसेल तर लिहून कर," आजोबा म्हणाले. "पैज ती पैज."

म्हणून हे लिहिलं. 'ती', 'ऋता', 'सोळा वर्षांची' असं स्वतःबद्दल लिहिताना पहिली दोन पानं मला नुसतं हसू येत होतं. काल आजोबांना वाचून दाखवलं. ते डोळे मिटून, मान डोलावत सगळं ऐकत राहिले, आणि संपल्यावर म्हणाले, "यातली ती धाकटी नात फार गोड आहे हं. फक्त तिचं नाव निसटलं बघ. तूच सांग."